पित्ताशय काढल्यानंतरचा नववा दिवस

दुर्बिणीतून माझं खडे झालेलं पित्ताशय काढलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पोटावर चार छोटे छेद होते, सगळ्यांत मोठा बेंबीपाशी. निघताना सर्जन म्हणाले, "दुखणं रोज कालच्यापेक्षा थोडं कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर थांबू नका, फोन करा." तेव्हा मी नुसती मान हलवली. पुढे नवव्या दिवशी हेच वाक्य कामाला आलं.

पहिले तीन दिवस पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखला. मी घाबरले. पोटाचं ऑपरेशन, मग खांद्याला काय झालं? ऑपरेशनच्या वेळी आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचत राहतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून मेंदूला वाटतं की खांदाच दुखतोय. पडून राहिलं की वाढायचं आणि चार पावलं चाललं की हलकं व्हायचं. चौथ्या दिवशी ते गेलं. मात्र खांद्याच्या दुखण्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर त्याला वायू म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच इमर्जन्सीत जायचं, हे मला बजावून सांगितलं होतं.

चालणं मी ऑपरेशनच्याच संध्याकाळी सुरू केलं होतं. घरी दर दोन तासांनी पाच-सात मिनिटं चालायचे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये आणि आतडी जागी व्हावीत, यासाठी. वजन उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली, लहान मूल, जड पिशवी काहीच नाही. चार-पाच किलोच्या वरचं सगळं माझ्यासाठी पहिले काही आठवडे बंद होतं. बाहेरचे छेद लवकर भरतात, पण बेंबीखालच्या आतल्या थराला वेळ लागतो आणि तिथेच पुढे हर्निया होऊ शकतो. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरायची, ही परिचारिकेने शिकवलेली युक्ती खूप उपयोगी पडली. उठतानाही सरळ न उठता आधी कुशीवर वळायचं आणि हाताचा आधार घ्यायचा.

खाण्याबद्दल माझा एक मोठा गैरसमज होता. मला वाटायचं, पित्ताशय गेलं म्हणजे पित्तच गेलं. पण पित्त यकृत बनवतं आणि ते बनतच राहतं. पित्ताशय म्हणजे फक्त साठवणीची पिशवी. तेलकट जेवण आलं की ती आकसून घट्ट पित्त एकदम सोडते. आता ती पिशवी नाही, म्हणून पित्त दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरतं. एकदम खूप तेल-लोणी पोटात गेलं, तर ते पचवायला तेवढं पित्त त्या क्षणी हजर नसतं. म्हणून मी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खात होते. आधी पातळ सूप, मग मऊ भात, उकडलेल्या भाज्या, कमी स्निग्धाचं दही. तेल बंद केलं नाही, पण एका जेवणात चमचाभरापेक्षा जास्त घेतलं नाही.

भूल आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे सुरुवातीला बद्धकोष्ठ झाला. सहाव्या दिवसापासून उलट, जेवल्याबरोबर पळावं लागू लागलं. जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यापर्यंत पोचलं की तिथे पाणी सुटतं आणि पातळ होतं. बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत आपोआप थांबतं. रेंगाळलं तर आतड्यात पित्ताम्ल बांधून ठेवणारं औषध मिळतं, म्हणून सोसत न बसता विचारावं. मला ओट्स आणि सफरचंदाने फरक पडला.

आठव्या दिवशी संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी गडद दिसली. पाणी कमी पडलं असेल, असं मी धरून चालले आणि झोपेपर्यंत भरपूर पाणी प्यायले. रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली. ती पाठीपर्यंत गेली आणि पाऊण तासाने ओसरली. ऑपरेशनच्या आधी यायची, अगदी तीच कळ. सकाळी एवढं पाणी पिऊनही लघवी गडदच होती, शौचाचा रंग मात्र फिका, मातकट. तळहात आणि तळपाय खाजत होते. त्यावर पुरळ काहीच नव्हतं. ताईने मला खिडकीशी नेऊन उजेडात डोळे बघितले. पांढऱ्या भागावर पिवळी झाक होती. दिव्याच्या उजेडात आदल्या रात्री ती आम्हाला दिसलीच नव्हती.

लगेच फोन केला. सर्जननी आधी ताप आणि थंडी विचारली. दोन्ही नव्हतं. "काही खाऊ नका, आजच या," म्हणाले. कावीळ, ताप आणि हुडहुडी एकत्र असती, तर फोनच्या उत्तराचीही वाट न बघता थेट इमर्जन्सीत यायला हवं होतं, असंही सांगितलं. तेव्हा तुंबलेल्या पित्ताच्या नळीत जंतुसंसर्ग झालेला असतो आणि तो झपाट्याने रक्तात पसरतो.

रक्तात बिलिरुबिन ४.२ निघालं, एरवी ते साधारण १.२ च्या आत असतं. सोनोग्राफीत पित्ताची मुख्य नळी फुगलेली दिसली आणि एमआरआयमध्ये तिच्या खालच्या टोकाला एक खडा. पित्ताशय काढलं म्हणजे खडे संपले असं मी समजत होते, पण एखादा खडा आधीच नळीत उतरलेला असू शकतो. तिथे तो अडकला की पित्त आतड्यात जात नाही, म्हणून शौच फिकं होतं. तेच पित्त रक्तात परत येऊन लघवीतून बाहेर पडतं, म्हणून ती गडद होते. त्वचेखाली साचलं की खाज. माझी सगळी लक्षणं या एका अडथळ्याची होती.

दुसऱ्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापलं आणि खडा ओढून काढला. त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून एक रात्र ठेवून घेतलं. दोन दिवसांत लघवीचा रंग सुधारला. खाज जायला आठवडा लागला.

नंतर तपासणीला गेले तेव्हा मी विचारलं, कावीळ न होताही फोन करावा असं काय असतं? ते म्हणाले, पहिल्या आठवड्यात पित्त गळत असेल तर डोळे पिवळे न होताही पोट दुखत आणि फुगत जातं, ताप येतो, उलट्या थांबत नाहीत. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, छेदाभोवती लाली पसरणं किंवा पू, एका पोटरीला सूज आणि दुखणं, यातलं काहीही दिसलं की फोन.

आठवा दिवस मला अजून खटकतो. गडद लघवी दिसली त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. ताईने फ्रिजवर लावलेल्या कागदावर आता पहिली ओळ तीच आहे: लघवीचा रंग, उजेडात बघणे.