एक बाटली, दोघे धावपटू आणि खाण्याचा सोडा

मैदानी स्पर्धेला डॉक्टर म्हणून बसलं की दिवस खरचटलेले गुडघे, पायात आलेले गोळे आणि उन्हानं चक्कर आलेल्या पालकांत जातो. साताऱ्यातल्या त्या स्पर्धेतही दुपारपर्यंत तेच चाललं होतं. मग शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीआधी दोन पोरं तिसऱ्याला धरून तंबूत घेऊन आली. पोट टम्म फुगलेलं, ढेकरांवर ढेकर, आणि मी नाडी धरेपर्यंत त्यानं उलटी केली. पाठोपाठ जुलाब. संयोजकांनी लगेच मेसच्या मटकीच्या उसळीवर खापर फोडलं. आपल्याकडे काहीही झालं की आधी स्वयंपाकी दोषी.

पण ताप नव्हता. तीच उसळ खाल्लेली बाकी सगळी पोरं ठणठणीत होती. पोटावर बोटानं वाजवलं तर ढोलासारखा आवाज, आणि "मॅडम, बोटांस्नी मुंग्या आल्यात" असं तो सारखं म्हणत होता. सडलेल्या अन्नानं हे असं एकत्र येत नाही. इतक्यात एक उत्साही स्वयंसेवक ॲसिडिटीची फसफसणारी पावडर ग्लासात टाकून घेऊन आला. तो ग्लास मी हातातून काढून घेतला, कारण मित्राच्या पिशवीतली बाटली तोवर माझ्या नजरेला पडली होती. तळाशी पांढरा साका, झाकणावर वाळलेली पांढरी कड. खाण्याचा सोडा! आणि त्या फसफसणाऱ्या पावडरीतही मुख्यतः तोच असतो.

मित्र चारशे मीटर धावणारा. दोघेही माण तालुक्यातले, एकाच अकादमीतले. २०१६ साली माणची ललिता बाबर रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली तेव्हापासून तिकडचं प्रत्येक पोर स्पाइक्स मागतंय, त्याचं मला कौतुकच आहे. पण अकादमीच्या सरांनी 'सोडा घेतला की पाय भरत नाहीत' एवढंच सांगून सोडून दिलं होतं. किती, कधी, कोणत्या शर्यतीला, काही नाही. पोरांनी अर्धा लिटर पाण्यात चार मोठे चमचे शिगोशीग भरून टाकले, बाटली हलवली आणि शर्यतीच्या तासभर आधी, उपाशीपोटी, निम्मी-निम्मी प्यायले. चारशेवाल्याला नुसते ढेकर आले. शंभरवाला तंबूत.

ही गोष्ट मुळात खोटी नाही, म्हणून तर चीड येते. जोरात धावताना स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता साखर फोडतात. त्यात लॅक्टेट तयार होतं आणि सोबत आम्लता वाढते. स्नायूच्या आतली आम्लता एका हद्दीपलीकडे गेली की आकुंचन मंदावतं. चारशेच्या शेवटच्या ऐंशी मीटरला पाय शिशाचे होतात त्यात याचा मोठा वाटा आहे. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट; ते स्नायूच्या पेशीत सहजी शिरत नाही, रक्तातच राहतं. एरवी रक्तात बायकार्बोनेट लिटरमागे २४ मिलिमोलच्या आसपास असतं. नीट डोस घेतला तर ते ३० च्या जवळ जातं. बाहेर रक्त जास्त अल्कधर्मी झालं की पेशीतलं आम्ल लॅक्टेटच्या जोडीनं लवकर बाहेर ओढलं जातं. रक्तातलं बायकार्बोनेट त्याला पकडतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो वायू फुप्फुसं बाहेर टाकतात.

शंभर मीटरला मात्र हे सगळं वाया. अकरा-बारा सेकंदांत स्नायू मुख्यतः साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर धावतो, आम्लता अडवायला लागण्याआधीच शर्यत संपते. म्हणजे जो झोपला होता त्याला या सोड्याचा कणभर उपयोग नव्हता.

पोटाचं गणित सोपं आहे. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं; सोडा त्याला भेटला की लिंबू पिळलेल्या ढोकळ्याच्या पिठासारखा फुगतो. म्हणून ढेकर, म्हणून फुगारा. पण जुलाब त्या वायूनं होत नाहीत. उरलेला सोडा आतड्यात उतरतो, तिथलं द्रावण रक्तापेक्षा कितीतरी दाट होतं आणि शरीरातलं पाणी आतड्यात खेचलं जातं. त्यात रक्तातलं बायकार्बोनेट शिखरावर जायला साधारण तास-दीड तास लागतो, आणि पोटही नेमकं त्याच सुमारास बिघडतं. म्हणजे शर्यतीच्या मुहूर्तावर.

मग एकाच बाटलीतून पिऊन एकाला काही नाही आणि दुसरा आडवा, असं का? काहींची पोटं सोसतात, काहींची नाही, हे आहेच. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. त्यांनी वापरलेला चमचा मी मागून घेतला आणि रात्री घरच्या वजनकाट्यावर तसाच शिगोशीग भरून तोलला. साधारण १७ ग्रॅम. चार चमचे म्हणजे ६८. अर्ध्या लिटर साध्या पाण्यात फार तर ५० ग्रॅम सोडा विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. चारशेवाला आधी प्यायला, वरचं निवळ. त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त २५ ग्रॅम आले असतील. किलोमागे ०.३ ग्रॅम हे प्रमाण धरलं तर त्याच्या ६६ किलोला २० ग्रॅम लागतात. नकळत जवळपास बरोबर डोस! शंभरवाल्यानं मात्र बाटली पुन्हा हलवून साक्यासकट संपवली. ५८ किलोचा पोरगा, हवे होते १७, गेले ४० च्या वर. त्यातला सोडियम जवळजवळ ३० ग्रॅम मिठातल्याइतका. उलटी झाली हे बरंच झालं म्हणायचं.

त्याला दवाखान्यात पाठवलं. पोटॅशियम थोडं उतरलेलं, बायकार्बोनेट चढलेलं. मुंग्यांचा उलगडा तिथं झाला, रक्त जास्त अल्कधर्मी झालं की मोकळं कॅल्शियम कमी होतं. रात्रभर लक्ष ठेवलं, मूत्रपिंडांनी आपलं काम केलं, सकाळी घरी.

चारशेवाला त्या दिवशी स्वतःच्या नेहमीच्या वेळेपेक्षा किंचित लवकर आला. ते सोड्यानं झालं का, यावर मी अजून विचार करते. फायदा होतो तेव्हा तो एक-दोन टक्के असतो, म्हणजे पन्नास सेकंदांत अर्धा ते एक. त्यातला बराचसा हातातल्या स्टॉपवॉचमध्ये आणि वाऱ्यातच हरवतो. त्याला मात्र खात्री पटलीय.

पुढच्या आठवड्यात तो क्लिनिकवर आला. "मॅडम, बरोबर कसं घ्यायचं ते सांगा की." बंदी नाही, पोरगा सज्ञान आहे, मी नाही म्हटलं तर तो पुन्हा चमच्यानं घेणार. रक्तदाब पाहिला, घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का ते विचारलं. मग लिहून दिलं: आधी सरावाच्या दिवशी, स्पर्धेला नाही. वजनकाट्यावर मोजून, किलोमागे ०.२ ग्रॅमपासून सुरुवात. दोन-अडीच तास आधी भात किंवा पोळीसोबत, चार वाटे करून तासाभरात, एकूण लिटरभर पाणी. पाकिटावर खाण्याचा सोडा लिहिलेलं पाहून घ्यायचं. धुण्याचा सोडा घशाला भाजतो.

"अन् सरांस्नी काय सांगू?" त्यानं विचारलं.

"हाच कागद दाखव," म्हटलं. "आणि शंभरवाल्यांना देऊ नका म्हणावं."