हवा धरली होती

टायरच्या धंद्यात मला वीसेक वर्षं झाली, पण त्या संध्याकाळी जे झालं ते आजही रिमवर टायर चढवताना आठवतं, म्हणून लिहून काढतोय.

दुकान बंद करायची वेळ होत आली होती. एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं, बरोबर बायको आणि लहान मुलगी. पुढचे दोन्ही टायर पार झिजलेले, खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या पट्ट्या असतात ना झीज दाखवणाऱ्या, त्यांच्या बरोबरीला आलेले. त्याला पहाटे लांबच्या प्रवासाला निघायचं होतं. त्या साईजचे माझ्याकडे नेमके दोनच टायर उरले होते, म्हटलं बरं झालं, जोडी जाईल.

मशीनवर माझ्याकडे काम शिकणारा पोरगा होता. पहिला टायर नीट चढला. दुसऱ्याच्या वेळी मी काउंटरवर होतो आणि मशीनचा आवाज बदललेला ऐकू आला, घुसमटल्यासारखा, आणि मग एक बारीक "कट्ट". हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टायरची जी आतली कड रिमला धरून बसते तिला आम्ही बीड म्हणतो. तिच्यात रबराच्या आत स्टीलच्या तारांचं कडं असतं आणि ते कडं ताणत नाही, ताणू नये म्हणूनच ते असतं. मग ते रिमच्या कडेवरून आत जातं कसं, तर रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो, एका बाजूची बीड दाबून त्यात उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते. वर बीडला साबणाची पेस्ट लावायची म्हणजे ती घसरते. पोराने घाईत वरच्या बीडला पेस्ट लावली नव्हती आणि समोरची बाजू खोलगटात दाबली नव्हती. मशीनने मग जोर लावला, आणि मशीनला कळत नाही कुठे थांबायचं.

मी जाऊन लिव्हरने बीड उचलून बघितली. दोन बोटं रुंद फाटलं होतं. नुसत्या टोकाचं रबर वरवर सोललं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो, पण मी अंगठा फिरवला तर तो तारेला लागला, आणि ती तार आपल्या जागेवरून वाकलेली होती. पंक्चर काढता येतं, बीडच्या तारेला दुरुस्ती नाही, टायर भंगारात.

पोरगा माझ्याकडे बघत होता. आणि मी काय म्हणालो, तर म्हणालो "पेस्ट लाव, दाब, आणि चढव."

हे मी म्हणालो, त्याने नाही. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की शेवटचा टायर आहे, चढवताना झालेलं नुकसान कंपनी क्लेममध्ये घेत नाही, म्हणजे पूर्ण भुर्दंड माझा, आणि गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघतंय.

चढला. हवा भरली, दोन वेळा फट् फट् आवाज होऊन बीड जागेवर बसली. टायरवर रिमच्या कडेला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून सारखी दिसत होती. साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही. पोरगा हळूच म्हणाला, "काका, हवा धरली." बॅलन्सिंगसुद्धा छान झालं. बीडचं असंच असतं, एकदा बसली की तो भाग रिमच्या आत लपतो, मग तो मालकाला दिसत नाही, दुसऱ्या मेकॅनिकला दिसत नाही, मलाही नाही. हवा धरली म्हणजे फक्त रबर रिमला चिकटलंय एवढंच कळतं, आतली तार किती ओझं सहन करेल ते त्यातून कळत नाही.

चाक गाडीला लागलं, नट आवळून झाले. मी बिल करायला घेतलं तर तो म्हणाला वॉरंटीसाठी टायरचे नंबर पण बिलावर लिहून द्या. साधी गोष्ट आहे, रोज करतो. मी वाकून बॅटरीच्या उजेडात बाजूवरचा नंबर वाचायला लागलो, शेवटचे चार आकडे म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणत्या वर्षी बनला ते, आणि एकदम जाणवलं की हा नंबर मी माझ्या हाताने लिहून खाली सही करणार. माझा हात थांबला तो थांबलाच.

आणि तेव्हा मला आठवले माझे उस्ताद, ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो. त्यांचा उजवा हात कोपरापासून नीट सरळ होत नाही. कोणीतरी आधी खराब केलेली बीड होती, बाहेरून काही कळत नव्हतं, हे हवा भरत होते आणि तार तुटून टायर रिमवरून उडाला. म्हणूनच ते ओरडायचे की कारच्या टायरची बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही, बसत नसेल तर हवा सोडा आणि परत पेस्ट लावा. म्हणजे मी जो टायर देत होतो तो कदाचित या माणसाला काहीच करणार नव्हता. त्या फटीतून ओल गेली असती, तार गंजली असती, आणि दोन वर्षांनी कुठल्यातरी दुकानात पंक्चर काढून परत चढवताना माझ्या पोराच्याच वयाच्या एखाद्या पोराच्या तोंडासमोर फुटला असता. त्याला माझं नावही कळलं नसतं.

मी उठलो आणि सांगितलं. "साहेब, डाव्या बाजूचा टायर चढवताना आमच्याकडून खराब झालाय, आतली तार वाकलीय, हा मी देऊ शकत नाही." तो आधी गप्प झाला, मग म्हणाला "हे आत्ता सांगताय? चाक लावून झाल्यावर?" बरोबर होतं त्याचं. मी म्हणालो हो, आधी सांगायला हवं होतं, मी सांगणार नव्हतो. हे शेवटचं का बोललो मला माहीत नाही, पण बोललो. त्याच्या बायकोने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली, ते मला शब्दांपेक्षा जास्त लागलं.

मग तीन दुकानांना फोन केले. एकाकडे त्या साईजची जोडी होती पण दुसऱ्या कंपनीची. पुढच्या दोन चाकांना दोन वेगळे टायर लावणं बरं नाही, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते, म्हणून दोन्ही मागवले आणि ठरलेल्या पैशातच दिले, माझा चांगला टायर काढून परत रॅकवर ठेवला, एकटाच. दोन्ही मी स्वतः चढवले, बीड दाखवून मग चढवले. त्याने वाकून बघितली. दोन तास बसला होता बिचारा, जाताना एक शब्द बोलला नाही, मी पण त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

शटर ओढताना पोरगा म्हणाला, "काका, हा कंपनीला परत पाठवू ना, सांगू असाच आला होता." मला राग आला नाही, कारण दोन तासांपूर्वी मी त्याला हेच तर शिकवलं होतं. मी ग्राइंडर काढला, त्याला टायर धरायला सांगितला आणि दोन्ही बाजूंची बीड कापली, म्हणजे भंगारातून उचलून कोणी तो परत कुठल्या रिमवर चढवणार नाही. ठिणग्या उडाल्या. कापलेल्या जागी तारांची टोकं मोकळी झाली तशी त्याने बोटाने एकेक बाजूला करून बघितली, आणि म्हणाला, "काका, दोन तुटल्याच होत्या."