आडवं करू नका

भूलशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी मी अर्ज करते आहे. हीच शाखा का, या प्रश्नाचं खरं उत्तर एका रात्रीत आहे, आणि त्या रात्री माझी एक चूक झाली होती. ती चूक वगळून हे निवेदन लिहिता येणार नाही.

इंटर्नशिपमध्ये माझी कॅज्युअल्टीत रात्रपाळी होती. तिशीतला एक सडपातळ माणूस बायकोसोबत आला. खालची दाढ तीन दिवस ठणकत होती आणि आदल्या दिवसापासून हनुवटीखाली सूज होती. ताप होता, नाडी जलद होती. मी बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, ९७ टक्के. मनातल्या मनात मी त्याला ‘दाढेचा गळू, स्थिर’ या खणात टाकलं, सीटी स्कॅन लिहिला आणि सलाईन लावण्यासाठी ट्रॉलीवर झोपायला सांगितलं. पाठ टेकताच तो झटक्याने उठून बसला. मला वाटलं, घाबरलाय. “दादा, दोनच मिनिटं पडा, सुई लावते,” असं म्हणत खांद्यावर हात ठेवून मी त्याला पुन्हा मागे रेलायला लावलं. या वेळी त्याने ट्रॉलीचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि माझा हात ढकलून तो बसला. मी मॉनिटरकडे पाहिलं. आकडा तसाच होता, ९७. त्याची बायको म्हणाली, “मॅडम, हे रात्रभर बसूनच आहेत हो.” मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

सीटीच्या टेबलावरही तो झोपेना, तेव्हा कान-नाक-घशाच्या रजिस्ट्रारनी येऊन पाहिलं आणि लगेच भूलतज्ज्ञ मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडमनी मॉनिटरकडे नंतर पाहिलं. आधी त्या दोन पावलांवर थांबून त्याच्याकडे बघत राहिल्या. तो पुढे झुकून, हनुवटी पुढे काढून बसला होता. मांडीवरच्या ट्रेमध्ये लाळ गळत होती, कारण ती गिळता येत नव्हती. मॅडमनी नाव विचारलं, तर तोंडात गरम घास ठेवून बोलावं तसा आवाज आला. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. त्यांनी हातमोजा घालून जिभेखाली बोट नेलं आणि मग मलाही तपासायला लावलं. तिथला भाग लाकडी फळीसारखा टणक होता आणि जीभ वर, टाळ्याकडे उचलली गेली होती. दोन्ही बाजूंना. हा लुडविग अंजायना होता. १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी वर्णन केलेला आजार मी परीक्षेत चार ओळींत लिहिला होता आणि समोर आला तेव्हा ओळखला नव्हता.

“सीटी रद्द. याला कुणीही आडवं करू नका,” एवढंच त्या म्हणाल्या.

खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळं तोंडाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या खालपर्यंत पोहोचतात. त्यामुळे तिथला संसर्ग हिरडीत न थांबता जबड्याखालच्या मोकळ्या जागेत उतरतो आणि दोन्हीकडे पसरतो. सुजेला बाहेर यायला वाट नसल्याने जीभ वर आणि मागे ढकलली जाते. बसलेला माणूस ती स्नायूंच्या जोरावर पुढे धरून ठेवतो. आडवा केला की ती मागे पडते. ऑक्सिमीटरला हे दिसत नाही, कारण श्वासमार्ग अरुंद होत चालला तरी माणूस जोर लावून पुरेशी हवा ओढत असतो. आकडा पडतो तो जोर संपल्यावर. त्याने कठडा धरला होता, तेच त्या रात्रीचं सर्वांत महत्त्वाचं लक्षण होतं.

पू काढणं आवश्यक होतं आणि त्यासाठी भूल देणंही. मी विचारलं, “मॅडम, झोपवून पटकन नळी घातली तर?” त्या चिडल्या नाहीत. भूल दिली की तो जोर लावणारे स्नायूच सैल पडतात. तोंड उघडत नसेल तर लॅरिंगोस्कोप आत जाणार नाही, आणि मास्कने हवा भरायला जावं तर जीभ आडवी. मग हातात उरतात ती काही मिनिटं, तीही आधी पुरेसा ऑक्सिजन दिला असेल तरच. म्हणून नळी जागेपणीच घालायची, बसवून, नाकातून, फायबरऑप्टिक स्कोपवरून. तेही जमलं नाही तर घशाला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी. त्यासाठी सर्जन हातमोजे घालून, ट्रे उघडा ठेवून बाजूला उभे राहिले. मॅडमनी त्याच्या मानेवर जागा चाचपून मार्करने रेघ मारली. सूज वाढली तर ही जागा नंतर सापडणार नाही, म्हणून आत्ताच. सुरुवात करण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाला क्रम मोठ्याने सांगितला गेला: आधी हे, ते फसलं तर ते, आणि कधी थांबायचं.

मला दोन कामं मिळाली. त्याचा हात धरायचा आणि लिग्नोकेनचा हिशोब ठेवायचा.

बाहेरून पाहणाऱ्याला त्या अर्ध्या तासात काहीच घडत नाहीये असं वाटलं असतं. लाळ आटवायला ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन दिलं आणि ते लागू होण्याची वाट पाहिली. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून थेंब घातले, कारण तिथे रक्त आलं की स्कोपमधून काही दिसत नाही. मग चार टक्के लिग्नोकेन चार मिलिलिटर, नेब्युलायझरमधून वाफेसारखं. म्हणजे १६० मिलिग्रॅम. दहा टक्क्यांच्या स्प्रेचे दहा फवारे, प्रत्येकी दहा, म्हणजे आणखी १००. श्वासमार्ग बधिर करताना किलोमागे ९ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात, आणि ती चरबी वगळून धरलेल्या वजनावर. याचं वजन साठ किलो होतं, म्हणजे साधारण ५४० च्या आत राहायचं होतं. त्यापुढे औषध रक्तात इतकं जाऊ शकतं की झटके येतील. मी फळ्यावर बेरीज लिहीत होते आणि प्रत्येक फवाऱ्यापाठोपाठ मोठ्याने वाचत होते.

झोपेचं औषध त्यांनी जवळजवळ दिलंच नाही. त्याऐवजी त्या बोलत राहिल्या. “आता कडू लागेल.” “आता घसा जाड झाल्यासारखा वाटेल, गिळता येत नाही असं वाटेल, पण श्वास चालू आहे. माझ्याकडे बघा.” जे होणार ते आधी सांगायचं आणि मगच करायचं, हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

मग त्याच्या समोर उभं राहून त्यांनी स्कोप नाकात घातला. पडद्यावर मी ओळखीचं काही शोधत होते. पुस्तकातली आकृती तिथे नव्हती. सगळं लाल, सुजलेलं, लाळेने चिकट. एपिग्लॉटिस एका बाजूला ढकललेला. मध्येच पडदा गुलाबी झाला, टोक कुठल्या तरी भिंतीला टेकलं होतं. मॅडमनी स्कोप पुढे रेटला नाही, मागे घेतला. “बुडबुडे बघ,” त्या मला म्हणाल्या. लाळेत एका ठिकाणाहून बारीक बुडबुडे येत होते. जिथून हवा येते, वाट तिथेच. “दादा, मोठा श्वास घ्या,” आणि क्षणभर स्वरतंतू उघडे दिसले, पांढुरके, दोन रेघांसारखे. स्कोपमधून त्यांनी दोन टक्क्यांचं औषध तीन वेळा सोडलं, दर वेळी दोन मिलिलिटर. एकूण ३८० झाले. तो जोरात खोकला, माझी बोटं त्याने आवळली, आकडा ९३ वर आला. सगळे थांबले. खोकला ओसरला, आकडा वर आला, आणि मग स्कोप पलीकडे गेला. श्वासनलिकेच्या कड्या दिसल्या. त्यावरून साडेसहा नंबरची नळी सरकली. नळीचं टोक जागेवर आहे हे स्कोपने पाहिलं, कफ फुगवला आणि नळीला कॅप्नोग्राफ जोडला. कार्बन डायऑक्साइडचे चौकोनी डोंगर एकामागून एक पडद्यावर उमटू लागले. चार-पाच मोजून झाल्यावरच त्या म्हणाल्या, “प्रोपोफॉल द्या.”

सर्जननी पू काढला, दाढ काढली. पण मॅडमच्या लेखी केस संपली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर सूज लगेच जात नाही, उलट वाढूही शकते, म्हणून नळी तशीच ठेवून तो आयसीयूत गेला. तिसऱ्या दिवशी कफ रिकामा केल्यावर नळीच्या बाजूने हवा बाहेर येते का ते पाहिलं. ती येत होती. तरीही नळी काढताना ट्रॅकिओस्टॉमीचा ट्रे उघडा होता, सर्जन शेजारी उभे होते आणि क्रम पुन्हा मोठ्याने सांगितला गेला. नळी घालणं हा अर्धाच भाग, हे मला तेव्हा कळलं.

नळी असताना तो कागदावर लिहून बोलायचा. मला पाहून त्याने पहिल्यांदा लिहिलं, “दाढ काढली का?” मग थोड्या वेळाने, “झोपू नका म्हणणाऱ्या मॅडम कुठे आहेत?” त्याला आडवं करू पाहणारी मीच होते, हे त्याला आठवत असणारच. मी त्याची माफी मागितली. त्याने माझ्या हातावर थोपटलं आणि कागद उलटा ठेवला.

तोवर मी मेडिसिनला जायचं ठरवलं होतं, आणि त्या शाखेबद्दल माझा आदर आजही आहे. पण वॉर्डात मी औषध बदलायचे आणि उद्याच्या राउंडला परिणाम बघायचे. भूलशास्त्रात औषध आणि परिणाम यांत मिनिटही नसतं, म्हणून सगळा विचार आधी करावा लागतो. माझी चूक नेमकी तिथली होती. मी समोरचा आकडा पाहिला, पुढच्या दहा मिनिटांत काय होईल ते पाहिलं नाही. त्यानंतर मी ब्रिटनचा २०११ चा श्वासमार्गातील गंभीर गुंतागुंतींचा राष्ट्रीय आढावा वाचून काढला. जागेपणी नळी घालायला हवी होती, तरी घातली गेली नाही, अशा केसेस त्यात आहेत. अपुरं नियोजन हे कारण त्यात वारंवार येतं. ते वाचताना मला प्रत्येक वेळी तो कठडा आठवत होता.

गेले आठ महिने मी भूल विभागात हाऊस ऑफिसर आहे. माझ्या नोंदवहीत ८४ इंट्युबेशन आहेत. त्यांपैकी नऊ वेळा मला वरिष्ठांच्या हाती लॅरिंगोस्कोप द्यावा लागला. त्या नऊंपुढे मी कारण लिहिलं आहे, आणि सहांमध्ये ते आधीच्या तपासणीत दिसायला हवं होतं: पुढे आलेले दात, आखूड मान, पूर्ण न उघडणारं तोंड. पुतळ्यावर स्कोपचा सराव चालू आहे. वळणावर माझा स्कोप अजून मध्यरेषा सोडतो. जाग्या रुग्णाच्या नाकातून तो मी एकदाही घातलेला नाही. ते मला शिकायचं आहे, आणि शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं आहे.