मावशीचा पिन आणि सव्वा मिलिमीटर

आमच्या पेमेंट ॲपमध्ये शिरताना चार आकडी पिन टाकावा लागतो. मावशीला इसेन्शियल ट्रेमर आहे, म्हणजे हात मांडीवर असला की शांत आणि काही करायला गेलं की थरथरतो. तिची तक्रार होती, "अगं, बटण दाबलं की रंग बदलतो, पण आकडा उमटतच नाही." ऑफिसच्या फोनवर तसं काही होईना.

मग तिच्याच फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधलं `Pointer location` चालू केलं. बोट जिथून फिरेल तिथे स्क्रीनवर रेघ उमटते. आमच्या टिचकीचा ठिपका पडायचा, तिच्या टिचकीची चांगली वळवळती रेघ. अँड्रॉइड साधारण 8 डीपीपर्यंतची हालचाल टिचकी म्हणून चालवून घेतं. डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप, 8 डीपी म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर! आमचा कीपॅड `ScrollView` मध्ये, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या चौकटीत होता. बोट त्याहून जास्त वरखाली सरकलं की `ScrollView` समजायचा, हिला पान सरकवायचंय, आणि बटणाला `ACTION_CANCEL`, म्हणजे स्पर्श रद्द झाल्याचा निरोप मिळायचा.

मग आमच्या फोनवर का नाही? मावशीने अक्षरं मोठी करून ठेवली होती. त्यामुळे मजकूर स्क्रीनबाहेर जायचा आणि स्क्रोल जागा व्हायचा. पान पुरतं मावत असेल तर `ScrollView` ढवळाढवळ करतच नाही. चाचणी मोठ्या अक्षरांत का करायची ते मला इथे कळलं.

कीपॅड स्क्रोलबाहेर काढून खाली स्थिर केला, तोही अगदी कडेला नाही, कारण तिथे बोट घसरलं की थेट होम स्क्रीन. बटणं 48 वरून 64 डीपी केली. तरी बोट शेजारच्या बटणावर सरकायचंच. म्हणून आकड्यांपुरतं ठरवलं की बोट पहिल्यांदा टेकलं तो आकडा धरायचा, उचललं कुठेही असो. चुकला तर खोडता येतो. 'पैसे पाठवा'ला मात्र ही सूट दिली नाही. तिथे बोट बाहेर नेऊन सोडलं की व्यवहार रद्द. तिथे आधी पट्टी सरकवायची होती, तीही काढून साधं बटण आणि त्यानंतर खात्रीचा एक प्रश्न ठेवला.

उरला एकच आकडा दोनदा उमटण्याचा त्रास. त्याच बटणावर 300 मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा स्पर्श सोडून दिला. मावशीला ते जमलं, पण भराभर टाइप करणाऱ्यांच्या '11' मधला एक गायब व्हायला लागला. म्हणून ते सेटिंगमध्ये ठेवलंय, मुळात बंद.

यूपीआय पिनचं पान यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या घटकातून येतं, आम्हाला त्याला हात लावता येत नाही. तिथे मावशी फोन टेबलावर ठेवते, मनगट टेबलाच्या कडेला टेकवते आणि एकेक आकडा दाबते.