उकळल्यावर ‘सी’ वाढलं?

बारावीच्या केमिस्ट्री प्रोजेक्टमध्ये फळांच्या रसातलं व्हिटॅमिन ‘सी’ मोजायचं होतं. आमच्या गटाने मोसंबीचा रस घेतला, तो रंगासाठी. डाळिंबाच्या लाल रसात आयोडीनचा निळा रंग दिसणार कसा?

काम साधं होतं. गाळलेला 20 मिली रस शंकुपात्रात घ्यायचा, त्यात थोडं पाणी आणि स्टार्चचे थेंब घालायचे, आणि ब्युरेटमधून 0.005 मोलर आयोडीन सोडायचं. ‘सी’ शिल्लक आहे तोवर ते आयोडीन खाऊन टाकतं. ते संपलं की पुढचा थेंब स्टार्चला भेटतो आणि निळा-काळा रंग टिकून राहतो. आयोडीन नुसत्या पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते पोटॅशियम आयोडाइडमध्ये केलेलं आणि तपकिरी बाटलीत ठेवलेलं. सरांनी आधी शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्लावर, म्हणजे ‘सी’वरच, ते तपासून घ्यायला लावलं. 10 मिलिग्रॅमला 11.4 मिली लागलं, म्हणजे 1 मिली आयोडीनला सुमारे 0.88 मिलिग्रॅम ‘सी’.

ताज्या रसाला 10.2 मिली लागलं, म्हणजे 100 मिलीत साधारण 45 मिलिग्रॅम. रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवलेल्याला 9.8.

मजा उकळलेल्या रसात झाली. शेजारच्या टेबलावर 10.9 आलं! ताज्यापेक्षा जास्त. वर्गभर चर्चा, की उष्णतेने ‘सी’ मोकळं होतं. सरांनी फक्त विचारलं, “उकळायला किती घेतला होता, आणि उरला किती?” घेतला होता 50 मिली, उरला होता 40. पाणी उडून गेलं, रस दाट झाला, आणि त्यातलेच 20 मिली मोजले. थंड झाल्यावर पाणी घालून पुन्हा 50 मिली केल्यावर रीडिंग 8.7 वर उतरलं, म्हणजे सुमारे 38 मिलिग्रॅम. पंधराएक टक्के घट, जी आधी झाकली गेली होती.

थंड करणंही तितकंच महत्त्वाचं. गरम द्रावणात स्टार्च-आयोडीनचा निळा रंग टिकतच नाही, द्रावण थंड झालं की परत येतो. गरमच टायट्रेट केलं तर एंड पॉइंट हुकतो आणि आयोडीन उगाच जास्त जातं. दोन्ही चुका एकाच दिशेने, उकळलेल्याच्या बाजूने. त्यामुळे असं रीडिंग पाहिलं की मला अजूनही आधी विचारावंसं वाटतं, रस पाणी घालून पुन्हा मूळ मापाला आणला का, आणि थंड केला का?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबाबंद रसाचं विचारलं. त्यात सल्फाइटसारखं परिरक्षक असेल तर तेही आयोडीन खातं, आणि आकडा फुगतो, हे आमच्यातल्या एकाने बरोबर सांगितलं. मग त्यांचा खरा प्रश्न आला: साठवलेल्या रसातलं घटलेलं ‘सी’ गेलं कुठे? त्यातलं काही हवेने डीहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होतं. शरीर त्याचं पुन्हा ‘सी’ करू शकतं, पण आयोडीनला ते दिसतच नाही.