पुण्यात जॅम १०५ अंशांना होत नाही

गेल्या फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त झाली, तेव्हा पहिल्यांदा जॅम केला. तो १०५ अंश सेल्सियसला सेट होतो असं वाचलं होतं, म्हणून थर्मामीटर आणला आणि तो आकडा दिसेपर्यंत गॅस बंद केला नाही. आकडा दिसला, पण तोवर लाल रंग विटकरी झाला होता. गार झाल्यावर बरणीत चमचा शिरेना आणि चव जळक्या साखरेची.

चूक कळली ती नुसतं पाणी उकळून पाहिल्यावर. माझ्या स्वयंपाकघरात ते ९८ अंशांनाच खळखळ उकळलं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि दर ३०० मीटरला पाणी अंदाजे एक अंश आधी उकळतं. १०५ हा आकडा समुद्रकाठचा. पाणी जितक्या अंशांना उकळतं त्याच्या वर साडेचार-पाच अंश, हे खरं माप. तिथे पोचलं की जॅममध्ये साखर साधारण ६५ टक्के झालेली असते. म्हणजे माझ्याकडे १०२.५ ते १०३. महाबळेश्वरात केला तर शंभराच्या आसपासच.

दुसऱ्या खेपेला एक किलो स्ट्रॉबेरी दोन लिंबांच्या रसात मंद आचेवर दहा मिनिटं शिजवली. जॅम घट्ट धरणारं पेक्टिन या फळात कमी, त्यामुळे लिंबाचा आंबटपणा लागतोच. मग ७५० ग्रॅम साखर घातली, ती पूर्ण विरघळल्यावर आच मोठी केली. पातेलं पसरट घेतलं, म्हणजे पाणी लवकर आटतं. थर्मामीटरचं टोक बुडाला टेकू दिलं नाही, नाहीतर आकडा जास्त दिसतो.

काटा १०१ वर बराच वेळ अडकून राहिला. तिथे कंटाळून लक्ष काढून घेऊ नये, कारण पाणी आटत आलं की शेवटचा अंश भराभर चढतो. मोठ्या आचेवर विसाव्या मिनिटाला गॅस बंद करून फ्रीझरमधल्या बशीवर चमचाभर जॅम टाकला. परीक्षा होईपर्यंत गॅस बंदच ठेवायचा, नाहीतर पातेल्यातला जॅम पुढे शिजत राहतो. मिनिटभराने मधून बोट फिरवलं, तर रेघ लगेच बुजली.

आई म्हणाली, "अगं, बोटांत धरून तार बघ, मोरंब्याला बघतो तशी." पण तार साखरेच्या पाकाची खूण. पेक्टिन धरलंय का ते गार झाल्यावरच कळतं, म्हणून बशी थंडगार हवी.

पुन्हा उकळी आणली. आणखी पाच मिनिटांनी १०२.५ दिसलं. नवीन थंड बशी, पुन्हा मिनिटभर थांबणं. या वेळी बोटाने ढकलल्यावर जॅमच्या पुढे बारीक सुरकुत्या पडल्या, दुधावरची साय गोळा होते तशा, आणि मधली वाट उघडीच राहिली. पातेल्यातला जॅम मात्र अजून पातळच होता. पहिल्या वेळी त्यालाच फसून मी आणखी आटवला होता. या वेळी तसाच गरम बरणीत भरला.

सकाळी बरणी तिरकी केली, तर जॅम काठाला धरून सावकाश सरकला. रंग लालच.