फाटकाजवळचा फळा

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या बाजूला असलेल्या आमच्या मराठी शाळेत दरवर्षी जूनमध्ये, सुट्टी संपून शाळा उघडते त्या दिवशी, लिंबाच्या झाडाखाली एक सभा भरते. तिला आम्ही साधेपणाने ‘पहिली सभा’ म्हणतो. मुलांच्या भाषेत मात्र तो ‘वेकेशन खुलण्याचा’ दिवस असतो, आणि इतकी वर्षे मराठी शिकवूनही हा शब्दप्रयोग मी त्यांच्या तोंडून काढू शकलेले नाही. आता मुख्याध्यापिका म्हणून माझी शेवटची पहिली सभा जवळ आल्यामुळे आधीच्या सगळ्या सभा आठवू लागल्या आहेत.

माझी पहिली सभा 2009 सालची. त्या सभेसाठी मी फुलस्केपची चार पाने भरून भाषण लिहिले होते. त्यात सयाजीराव महाराज होते, शिस्त होती, वाचनाचे महत्त्व होते आणि स्वच्छतेवर एक पूर्ण परिच्छेद होता. दुसरे पान संपायच्या सुमारास तिसरीच्या रांगेतील एक मुलगी खाली बसली, पाठोपाठ तिच्या शेजारची बसली, आणि तिसऱ्या पानावर एका मुलाला उलटी झाली. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. पाच आठवडे उशिरा उठण्याची सवय झालेली मुले त्या दिवशी घाईघाईने काही न खाता आलेली असतात, पाऊस अजून पोहोचलेला नसतो आणि सकाळीसुद्धा ऊन चटके देते. तरीही मी चौथे पान वाचले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

सभा संपल्यावर आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका, ज्या त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या, माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “भाषण छान होतं हो. पण मुलांना आपण कोणत्या वर्गात बसायचं हेच अजून माहीत नव्हतं. तोवर त्यांना काही ऐकू येत नाही.”

हे वाक्य मी पुढे दर जूनमध्ये स्वतःला ऐकवत आले आहे. नव्या वर्षी शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या मनात तीनच प्रश्न असतात: माझी तुकडी कोणती, माझ्या बाई कोण, आणि गेल्या वर्षी शेजारी बसणारा यंदाही शेजारी असेल का. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत व्यासपीठावरून बोललेले सगळे वाऱ्यावर जाते. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही दिवसाचा क्रमच उलटा केला. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी जनरल रजिस्टरवरून वर्गवार याद्या काढून त्या फाटकाच्या आतल्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायच्या. मुलाने नाव शोधायचे, वर्गात जायचे, दप्तर ठेवायचे, पाणी प्यायचे, आणि मग रांगेने अंगणात यायचे. एवढ्या फरकाने सभेतली चुळबुळ थांबली. याद्यांसमोर मात्र गर्दी होऊ लागली, आणि तुकडी बदलल्यामुळे मैत्रिणीपासून वेगळ्या झालेल्या मुलींचे रडणे तिथेच सुरू होऊ लागले. तेव्हापासून एक शिक्षिका खास त्या भिंतीजवळ उभी असते. तिचे काम याद्या वाचून दाखवण्याचे कमी आणि “मोठ्या सुट्टीत दोघींना एकत्र डबा खाता येईल” एवढे सांगण्याचे जास्त.

भाषण आखूड करायचे तर काय ठेवायचे हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. शेवटी गोष्ट एकच राहिली, आणि तीही आमच्याच गावची. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, 27 मे 1875 रोजी येथे दत्तक आला आणि सयाजीराव झाला. जूनच्या मध्याला गादीवर बसलेल्या त्या मुलाला त्यानंतर मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याने शिकून घेतल्या. पुढे त्याच राजाने 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला, हा भाग मी सातवी-आठवीच्या वर्गात जाऊन सांगते. लहान मुलांना तो लागत नाही. त्यांना लागतो तो बारा वर्षांचा, अक्षर न येणारा राजा. एकदा दुसरीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, “मोठ्या बाई, त्याला पहिलीत बसवलं की सहावीत?” राजवाड्यातच त्याच्यासाठी शिकवण्याची व्यवस्था केली होती, हे उत्तर त्याला फारसे पटलेले दिसले नाही.

भाषणातले उरलेले सगळे हळूहळू फाटकाजवळच्या फळ्यावर गेले. सभेच्या दिवशी सकाळी मी स्वतः त्यावर रंगीत खडूने स्वागताचा मजकूर लिहिते. फळ्याची सोय अशी की जागा संपली की वाक्य संपवावेच लागते. सात ओळींपेक्षा जास्त लिहिले तर अक्षर बारीक होते आणि तिसरीतले मूल ते उभ्याउभ्या वाचत नाही, हे मी पाहून ठरवले आहे. एका वर्षी मी ‘पुन्हा’ या शब्दातला ‘न’ अर्धा लिहायचा विसरले. सातवीच्या मुलांनी तो दिवसभर तसाच ठेवला आणि सुटताना खाली ‘बाई, लक्ष द्या’ असे लिहून गेले. मी ते पुसले नाही.

आणखी एक गोष्ट शिकायला मला वेळ लागला. आमची बरीच मुले खानदेशातील कुटुंबांची आहेत. सुट्टीत ती जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गावी जातात, आणि घरातले लग्न किंवा शेतातले काम लांबले की शाळा उघडल्यावर आठ-दहा दिवसांनी परततात. सुरुवातीला मी उशिरा आलेल्यांना कार्यालयासमोर उभे करून कारण विचारत असे. त्यांच्या दृष्टीने शाळेची पहिली सभा तीच होती, आणि ती फार वाईट होती. आता दुसऱ्या सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांच्यासाठी पाच मिनिटांची सभा पुन्हा भरते. तीत गोष्ट तीच, फळ्यावरचा मजकूर तोच, फक्त गावाहून काय आणले हे प्रत्येकाने सांगायचे. एकाने कैऱ्या आणल्या होत्या, त्या तिथेच संपल्या.

या सगळ्या सभांमध्ये जी सर्वांत जास्त आठवते ती जूनमधली नव्हतीच. 2020 मध्ये पहिलीत ज्यांची नावे घातली गेली, त्यांनी ते वर्ष डीडी गिरनारवरच्या पाठांवर आणि घरातल्या एकाच मोबाइलवर काढले. गुजरातेत पहिली ते पाचवीचे वर्ग 22 नोव्हेंबर 2021 रोजी, पालकांचे संमतिपत्र घेऊन, प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा ही मुले दुसरीत होती आणि त्यांनी शाळेची इमारत आतून पाहिलेली नव्हती.

त्या दिवसाच्या फळ्यासाठी मी आदल्या रात्री वहीत तीन मसुदे केले. पहिल्यात ‘झालेले शैक्षणिक नुकसान आपण सर्व मिळून भरून काढू’ असे वाक्य होते. ते सकाळी वाचताना लक्षात आले की सात वर्षांच्या मुलाला, तुझे काहीतरी हरवले आहे, हेच मी दारात सांगते आहे. दुसऱ्या मसुद्यात मास्क, अंतर आणि हात धुण्याच्या सूचना होत्या. त्या खऱ्या होत्या, पण ते स्वागत नव्हते, म्हणून त्यांचा वेगळा कागद नळाजवळ लावला. तिसरा मसुदा फळ्यावर गेला: ‘तुमची वाट पाहत होतो. बाकावर तुमचे नाव लिहून ठेवले आहे. जे येत नसेल ते इथे शिकवू. भूक लागली तर बाईंना सांगा. साडेअकराला घंटा होईल, मग घरी.’

एवढे करूनही एक चूक झालीच. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दुसरीची मुले दप्तरे पाठीला लावून शांतपणे फाटकाकडे निघाली. घंटा झाली की घरी, असे आम्हीच तर लिहिले होते. कोणती घंटा भरण्याची, कोणती सुट्टीची आणि कोणती सुटण्याची, हे मोठ्या वर्गांतल्या मुलांना कोणी शिकवले नव्हते, ती पहिलीत बसून आपोआप शिकली होती. या मुलांना ते ‘आपोआप’ मिळालेच नव्हते. रांग कशी धरायची, खडू मागायचा कसा, शौचालयाला जाताना विचारायचे की नुसते उठायचे, अशा किती गोष्टी आम्ही कधी शिकवल्याच नव्हत्या, हे त्या आठवड्यात उमगले. पुढच्या जूनपासून पहिल्या सभेत घंटा वाजवणारे काका व्यासपीठावर येऊन तिन्ही घंटा वाजवून दाखवतात आणि मुले डोळे मिटून ओळखतात. सभेतला सर्वांत लोकप्रिय भाग आता तोच आहे, माझी गोष्ट नव्हे.

2023 पासून पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याचा नियम आला आणि त्याहून लहान मुलांसाठी बालवाटिका सुरू झाली. त्यामुळे रांगेच्या अगदी पुढे, ज्यांना अक्षरच येत नाही असे श्रोते आले. त्यांच्यासाठी फळ्याच्या खालच्या पट्टीत चित्रकलेच्या बाई पाण्याचा नळ, शौचालयाचे दार आणि डब्याची जागा काढतात, आणि नळाच्या चित्रापासून खऱ्या नळापर्यंत जमिनीवर खडूचे बाण जातात. पालक विचारतात की बाणांची काय गरज. ज्या वर्षी बाण नव्हते त्या वर्षी दुपारपर्यंत किती चड्ड्या बदलाव्या लागल्या, ते बालवाटिकेच्या ताई सांगू शकतील.

यंदाच्या फळ्याचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. ‘या, बाळांनो. तुमची नावे भिंतीवर आहेत, बाई वर्गात आहेत, माठ भरलेले आहेत. गेल्या वर्षीचे विसरला असाल तर पहिले दोन आठवडे तेच पुन्हा घेणार आहोत. नवीन मुलाला आपल्या शेजारी जागा द्या. घंटा तीन प्रकारच्या असतात, आज काका दाखवतील.’ सहा ओळी झाल्या आहेत. सातवी रिकामी ठेवणार आहे, कारण सातवीची मुले काहीतरी लिहिणारच.

फळ्याचा रंग मात्र उडाला आहे. काकांनी काळा रंग आणून ठेवला आहे आणि वाळायला दोन दिवस लागतील म्हणून शुक्रवारीच लावायला हवा, असे ते दोनदा सांगून गेले.